विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत येते तेव्हा हातात नेमकं किती वाढतं?

निवृत्तीला पंधरा वर्षं पुरी होत आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पेन्शनरांच्या बैठकीत एक हिशेब हमखास ऐकू येतो. "मी चाळीस टक्के विकली होती, आता चाळीस टक्के परत येणार. म्हणजे आजच्या पेन्शनच्या जवळजवळ निम्मी वाढ!" हा हिशेब चुकीचा आहे. वाढ होते, ती हक्काची असते आणि कायमची असते, पण ती आजच्या पेन्शनच्या चाळीस टक्के नसते. पंधरा वर्षांपूर्वी जेवढे रुपये कापायला सुरुवात झाली, तेवढेच रुपये कापायचे थांबतात. लेखातलं बाकी सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे. त्याबरोबर कागद कुठे पाहायचे, अर्ज कधी करायचा आणि बँकेकडून चूक झाली तर ती कशी ओळखायची, हेही पाहू.

लेख केंद्र सरकारच्या नागरी सेवेतून निवृत्त झालेल्यांना धरून लिहिला आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषद आणि गिरणीवाले यांच्यासाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांची सर्वसाधारणपणे एनपीएस असते, त्यांना ही पद्धत लागू नाही.

विकली म्हणजे नेमकं काय केलं

कागदावर याला 'अंशराशीकरण' म्हणतात. कचेरीत सगळे 'कम्युटेशन' म्हणतात आणि घरी 'पेन्शन विकली' म्हणतात. निवृत्त होताना मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सोडून देता येतो आणि त्याबदल्यात एकरकमी पैसे मिळतात. कोकणात या पैशाचं काय होतं ते सांगायला नको. मुंबईतली भाड्याची खोली सोडून गावी चिऱ्याचं घर उभं राहतं, मुलीचं लग्न होतं, नाहीतर कलमांच्या बागेला गडगा आणि पाण्याची टाकी होते.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. समजा, गुहागर तालुक्यातले एक काका मुंबईच्या कस्टम्स कचेरीतून निवृत्त झाले. त्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९५०. (त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावाला १ जूनलाच जन्माला घातलं, त्यामुळे ३१ मे हा दिवस निवृत्तांचा जणू सणच असतो.) तर काका ३१ मे २०१० रोजी निवृत्त झाले. शेवटचा मूळ पगार, ग्रेड पे ४,२०० धरून, १८,००० रुपये होता. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ९,००० रुपये. त्यातली पुरी ४० टक्के त्यांनी विकली, म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये.

एकरकमी पैसे काढण्यासाठी सरकारचा एक तक्ता आहे. त्यात पुढच्या वाढदिवशी किती वय होईल त्यानुसार गुणक दिलेला असतो. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला एकसष्टचा गुणक लागतो, तो ८.१९४ आहे. म्हणून हिशेब असा झाला:

```
3,600 × 12 × 8.194 = 3,53,980.80, म्हणजे 3,53,981 रुपये
```

हे पैसे काकांना मिळाले आणि १ जून २०१० पासून त्यांच्या पेन्शनमधून दरमहा ३,६०० रुपये कापले जाऊ लागले.

पंधराच वर्षं का

पूर्वी ही कपात मरेपर्यंत चालायची. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर १९८६ रोजी निकाल दिला आणि पंधरा वर्षांनंतर विकलेला भाग परत द्यायचा हे ठरलं. केंद्र सरकारचा आदेश ५ मार्च १९८७ चा आहे आणि त्याचा लाभ १ एप्रिल १९८५ पासून धरला गेला.

पंधरा वर्षांचे महिने १८०. काकांच्या पेन्शनमधून एकूण ६,४८,००० रुपये कापले गेले आणि हातात आले होते ३,५३,९८१. वरचे जवळजवळ दोन लाख चौऱ्याण्णव हजार हे व्याज समजायचं. हप्त्यांच्या गणिताने पाहिलं तर पंधरा वर्षं पुरी जगणाऱ्याला हा व्यवहार वर्षाला साधारण नऊ टक्के व्याजाच्या कर्जासारखा पडतो. मात्र कर्जात नसलेली एक गोष्ट यात आहे. पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली रक्कम कुणाकडूनही वसूल होत नाही. वर, सरकारी पेन्शनरांना या एकरकमी पैशावर आयकर लागत नाही. म्हणून मी तरी याला लूट म्हणणार नाही. पण मुदत बारा वर्षांवर आणावी ही संघटनांची मागणी मला रास्त वाटते, कारण बँकांचे व्याजदर बदलत राहिले तरी ही पंधरा वर्षं जिथल्या तिथे आहेत.

खरा घोळ : वाढलेली पेन्शन आणि न वाढलेली कपात

आता मुद्द्यावर येऊ. सातव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २०१६ पासून जुन्या पेन्शन सुधारून मिळाल्या. हिशेब दोन तऱ्हांनी करायचा आणि जो जास्त येईल तो द्यायचा, असं ठरलं होतं. काकांच्या जुन्या ९,००० ला २.५७ ने गुणलं तर २३,१३० येतात. दुसऱ्या तऱ्हेत त्यांचा शेवटचा पगार नव्या वेतनस्तरात, म्हणजे लेव्हल सहामध्ये, काल्पनिकरीत्या बसवला. तो ४७,६०० वर बसला, त्याची निम्मी २३,८००. जास्त दुसरी, म्हणून काकांची मूळ पेन्शन २३,८०० झाली.

पेन्शन वाढली तरी कपात वाढली नाही. काकांनी टक्के विकले असं आपण बोलण्यात म्हणतो, पण विकले गेले ते ३,६०० रुपये. २०१६ नंतरही दरमहा ३,६०० च कापले गेले. गावच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी दहातली चार कलमं पंधरा वर्षांसाठी खंडाने दिली नव्हती. तसं असतं तर वाढलेली झाडं त्यांच्या वाढलेल्या आंब्यांसकट परत मिळाली असती. त्यांनी बागेच्या उत्पन्नातून दरवर्षी एक ठरलेली रक्कम द्यायचं कबूल केलं होतं, आणि आता ती देणं बंद होणार एवढंच.

दुसरी गोष्ट महागाई भत्त्याची. तो कापून उरलेल्या पेन्शनवर नव्हे, तर पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, आणि हे पहिल्या महिन्यापासूनच. जून २०१० मध्ये भत्ता ३५ टक्के होता. काकांना तो ९,००० वर, म्हणजे ३,१५० रुपये मिळाला. तेव्हा महिन्याला हातात आले ५,४०० अधिक ३,१५०, एकूण ८,५५० रुपये.

याचा परिणाम असा की पंधरा वर्षांनंतर विकलेला भाग परत आला म्हणून महागाई भत्ता एक पैसाही वाढत नाही. ज्या भागावर तो मिळायला हवा, त्यावर तो आधीच मिळत असतो.

मे २०२५ मध्ये महागाई भत्ता ५५ टक्के होता. काकांचा त्या महिन्याचा आणि पुढच्या महिन्याचा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहा:

```
                         मे 2025      जून 2025
पूर्ण मूळ पेन्शन           23,800       23,800
विकलेल्या भागाची कपात    − 3,600            0
महागाई भत्ता 55%         +13,090      +13,090
हातात                     33,290       36,890
```

फरक ३,६०० चा, ना कमी ना जास्त. केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखाना जवळ नसल्यामुळे ज्यांना दरमहा १,००० रुपये स्थिर वैद्यकीय भत्ता मिळतो, त्यांचा तोही तसाच राहतो. समजायला सोपं जावं म्हणून तो वरच्या हिशेबात धरलेला नाही.

बैठकीतल्या हिशेबाने काकांनी काय धरलं असतं? २३,८०० चे चाळीस टक्के ९,५२०, आणि त्यावर ५५ टक्के महागाई धरली तर १४,७५६. हा आकडा डोक्यात धरून कुणी गणपतीआधी घराला पत्रे घालायचं सुताराशी ठरवून बसला, तर जूनअखेर बँकेत भांडण ठरलेलं. बँकेची चूक नसते आणि पेन्शनरला ती आहे असं मनापासून वाटत असतं.

३,६०० ऐकून हिरमुसायला होतं, हे खरं. पण दुसऱ्या बाजूनेही पाहावं. २०१० मध्ये हीच कपात जड होती. पूर्ण पेन्शन आणि महागाई मिळून १२,१५० होत होते, त्यातले ३,६०० जात होते, म्हणजे साधारण तीस टक्के. मे २०२५ मध्ये ३६,८९० मधले ३,६०० जात होते, दहा टक्क्यांहूनही कमी. कपातीचा भार वर्षानुवर्षं आपोआप हलका होत गेला. म्हणून तो उतरल्यावर फारसं काही उतरल्यासारखं वाटत नाही.

पहिली पायरी : तारीख शोधा

पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, बाहेर काढा. बारा आकडी क्रमांकाचं ते पुस्तक बहुतेक घरांत देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत असतं. पावसाळ्यात त्याला कसर लागते, तेव्हा एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवलेली बरी. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. विकलेल्या भागाची मासिक रक्कम किती, एकरकमी पैसे किती, आणि कमी झालेली पेन्शन कोणत्या तारखेपासून सुरू झाली.

पंधरा वर्षं कुठून मोजायची हे शेवटच्या गोष्टीवर ठरतं. निवृत्तीबरोबरच पैसे मिळाले आणि पहिल्या महिन्यापासून कपात सुरू झाली, तर निवृत्तीच्या तारखेपासून मोजायचं. काकांचं तसंच झालं. ३१ मे २०२५ ला पंधरा वर्षं पुरी, १ जूनपासून पूर्ण पेन्शन. केंद्राची पेन्शन त्याच महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते, त्यामुळे फरक दिसायला हवा तो जूनअखेरच्या जमेत. मे महिन्याच्या जमेत तो शोधू नका.

पण पैसे उशिरा मिळाले असतील तर? समजा, कागदपत्रं अडकली आणि एकरकमी पैसे १४ सप्टेंबर २०१० ला खात्यात आले. तोपर्यंत पेन्शन पूर्ण मिळाली असणार, कपात त्या दिवसापासून सुरू झाली असणार. मग पंधरा वर्षंही तिथूनच. १४ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण पेन्शन, आणि सप्टेंबरच्या उरलेल्या सतरा दिवसांचे २,०४० रुपये त्या महिन्यात जास्त. निवृत्ती मे महिन्यात होऊनही जूनमध्ये वाढ आली नाही, म्हणून धावपळ करण्याआधी जुनं पासबुक काढून हे तपासावं. बरेच वाद इथेच मिटतात.

वेतन आयोग लागू होण्याच्या धामधुमीत निवृत्त झालेल्यांची बाब याहून किचकट असते. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत जे निवृत्त झाले, त्यांची पेन्शन आधी जुन्या पगारावर ठरली आणि मागाहून वाढली. वाढलेल्या भागावर त्यांना पुन्हा कम्युटेशन घेता आलं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्या कपाती दोन आहेत, दोघींच्या तारखा वेगळ्या आहेत आणि दोन्ही आपापल्या पंधरा वर्षांनी सुटतात. अशांनी दोन्ही आदेश एकाच पाकिटात ठेवावेत. एक कपात सुटली आणि दुसरी चालू राहिली तर ती चूक नव्हे.

दुसरी पायरी : स्लिप पाहा आणि अर्ज द्या

पेन्शनचा हिशेब शाखेत होत नाही. तो बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात होतो, ज्याला शाखेतले लोक 'सीपीपीसी' म्हणतात. तिथल्या संगणकात तुमची तारीख बरोबर भरलेली असेल तर कपात आपोआप थांबते. अडचण येते ती बहुधा खातं हललेल्या पेन्शनरांना. मुंबईत निवृत्त झाले, पेन्शन दादरच्या किंवा मुलुंडच्या शाखेत सुरू झाली, चार-पाच वर्षांनी गावी आले आणि पेन्शन चिपळूणच्या किंवा दापोलीच्या दुसऱ्या बँकेत आणली. या हलवाहलवीत कपातीची रक्कम नव्या बँकेकडे पोचते, कारण ती दर महिन्याला लागते. तारीख मात्र कधी कधी राहून जाते, कारण पंधरा वर्षं तिची गरज कुणालाच पडत नाही.

म्हणून तारखेच्या दोन-तीन महिने आधी शाखेतून पेन्शन स्लिप घ्या. तिच्यात मूळ पेन्शन, कम्युटेशनची कपात आणि महागाई हे वेगवेगळे दिसतात. नुसत्या पासबुकात एकच आकडा असतो, त्यावरून काही कळत नाही. स्लिपवरची कपात पीपीओतल्या रकमेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. मग एक साधा अर्ज लिहा. त्याला नमुना लागत नाही, इतका मजकूर पुरतो:

"मी दि. ३१ मे २०१० रोजी निवृत्त झालो. माझा पीपीओ क्रमांक … आणि खाते क्रमांक … आहे. माझ्या पेन्शनमधून दि. १ जून २०१० पासून अंशराशीकरणापोटी दरमहा ३,६०० रुपये कापले जातात. दि. ३१ मे २०२५ रोजी पंधरा वर्षे पूर्ण होत असल्याने दि. १ जून २०२५ पासून ही कपात थांबवून पूर्ण पेन्शन द्यावी. आपल्या प्रक्रिया केंद्राच्या नोंदीत ही तारीख आहे का, ते लेखी कळवावे."

सोबत पीपीओच्या संबंधित पानांची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती जपून ठेवा. शाखेतली मंडळी भली असतात, "काका, आपोआप होईल, अर्ज कशाला?" असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा होतंही. तरी पोच घ्यावी. शाखेतल्या माणसाची बदली होते, तुमचा कागद मात्र तुमच्याकडेच राहतो.

तिसरी पायरी : पहिल्या पूर्ण पेन्शनची तपासणी

पैसे जमा झाल्यावर पासबुकातल्या फरकावर विसंबू नका, पुन्हा स्लिप घ्या. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, पण आदेश मागाहून निघतो. त्यामुळे एखाद्या महिन्यात वाढीव भत्ता आणि मागची थकबाकी एकदम जमा होते. तुमचा पूर्ण पेन्शनचा महिना नेमका तोच असेल, तर फरक भलताच मोठा दिसतो आणि पुढच्या महिन्यात पेन्शन 'घटल्यासारखी' वाटते. वाढ सुटी सुटी करून पाहिली की हा भास होत नाही.

स्लिपवर महागाईच्या रकमेला पूर्ण मूळ पेन्शनने भागा. काकांच्या बाबतीत १३,०९० भागिले २३,८००, म्हणजे ०.५५. चालू दर ५५ टक्के असेल तर बरोबर. त्याऐवजी महागाई ११,११० दिसली, तर ती कापलेल्या पेन्शनवर, २०,२०० वर, काढली गेली आहे असं समजा. दरमहा १,९८० रुपये कमी मिळत आले आहेत आणि ते आजचं नाही, मागचं सगळं तपासायला हवं. अशी चूक सहसा होत नाही, पण झाली तर नुकसान मोठं असतं.

उलट चूकही होऊ शकते. खातं हलवताना कपातच सुटून गेली आणि पेन्शन वर्षभर जास्त येत राहिली, तर गप्प राहण्यात शहाणपण नाही. ती रक्कम नंतर वसूल होते, आणि ती नेमकी हातात पैसा नसताना होते.

कपात थांबलीच नाही, तर अर्जाची पोच दाखवून शाखेकडून प्रक्रिया केंद्राकडे लेखी विचारणा करवून घ्या. महिन्याभरात हललं नाही तर केंद्र सरकारच्या पेन्शन तक्रारींसाठी CPENGRAMS नावाचं पोर्टल आहे, `pgportal.gov.in/pension` इथे. तक्रारीत पीपीओ क्रमांक, कपातीची सुरुवात, पंधरा वर्षं पुरी झाल्याची तारीख आणि थकलेली रक्कम इतकंच लिहावं. आयुष्यभराची सेवा आणि बँकेतल्या फेऱ्या यांचं वर्णन लिहिलं की तक्रार वाचणाऱ्याला आकडा सापडत नाही.

पंधरा वर्षांच्या आत काका गेले तर

हा प्रश्न काकूंचा असतो आणि तो त्यांनी विचारायला हवा. कुटुंब निवृत्तिवेतन मूळ पगारावर ठरतं, विकून उरलेल्या पेन्शनवर नाही. त्यामुळे काका बाराव्या वर्षी गेले असते, तरी काकूंच्या पेन्शनमधून ३,६०० कापले गेले नसते आणि उरलेल्या तीन वर्षांची वसुलीही झाली नसती. काकूंच्या पेन्शनमध्ये कम्युटेशनची कपात दिसली, तर ती चूकच आहे, बँकेला लगेच दाखवावी.

राज्य सरकारवाले, गुरुजी आणि गिरणीवाले

महाराष्ट्र शासनाच्या पेन्शनरांनाही पंधरा वर्षांचाच नियम आहे. फरक एवढाच की त्यांनी बँकेत नव्हे, तर आपल्या जिल्हा कोषागारात जायचं, म्हणजे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला. जिल्हा परिषदेच्या गुरुजी-बाईंची पेन्शन जिल्हा परिषदेमार्फत असते, त्यांनी पंचायत समितीत चौकशी करून अर्ज तिथून पुढे पाठवावा.

गिरणीत आणि खासगी कारखान्यांत काम करून कोकणात परतलेल्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन वेगळ्या कायद्याची आहे, पण तिच्यातही विक्री होती. एक तृतीयांशपर्यंत पेन्शन विकता यायची आणि तिच्या शंभरपट पैसे मिळायचे. म्हणजे ३०० रुपये विकले तर तीस हजार. ही सोय सप्टेंबर २००८ मध्ये बंद झाली, आणि तोवर ज्यांनी विकली होती त्यांना पंधरा वर्षांनी ती परत द्यायचा निर्णय २०२० च्या फेब्रुवारीत अधिसूचित झाला. शेवटच्या विक्रीलाही सप्टेंबर २०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली. त्यामुळे ज्या गिरणी कामगाराची कपात आजही चालू आहे, त्याने भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीत चौकशी करायलाच हवी. रक्कम लहान असते म्हणून कुणी विचारत नाही, पण एवढ्याशा पेन्शनमध्ये तीनशे रुपये म्हणजे औषधाचा महिना निघतो.

थकबाकी आली तर

उशिरा का होईना, कपात थांबली की मागच्या महिन्यांची थकबाकी मिळते. काकांच्या बाबतीत बँकेने ती नोव्हेंबरअखेर थांबवली असती, तर जून ते ऑक्टोबर अशा पाच महिन्यांचे १८,००० रुपये नोव्हेंबरच्या पेन्शनबरोबर यायला हवेत. त्यावर व्याजही आहे. पेन्शन किंवा थकबाकी द्यायला बँकेकडून उशीर झाला, तर वर्षाला ८ टक्के दराने भरपाई द्यावी आणि तीही पेन्शनरने न मागता, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. जूनच्या रकमेला पाच महिने उशीर, जुलैच्या रकमेला चार, असं करत ऑक्टोबरच्या रकमेला एक, मिळून ३,६०० रुपयांचं पंधरा महिन्यांचं व्याज:

```
3,600 × 15 × 8 ÷ (12 × 100) = 360 रुपये
```

म्हणजे थकबाकीपोटी १८,३६० रुपये. नुसते १८,००० आले, तर पोच घेतलेल्या त्याच अर्जाचा हवाला देऊन उरलेल्या ३६० साठी एक ओळीचा अर्ज करावा.